कँटीनच्या तपासणीतून कॅटररसाठी सुधारणा यादी कशी काढायची

"भटारखाना अस्वच्छ. कॅटररला सांगणे." माझ्या पहिल्या कँटीन तपासणीच्या वहीत ही ओळ आहे. वही अजून जपून ठेवली आहे, कारण अशाच ३१ ओळी मी टाइप केल्या होत्या. प्रत्येकीपुढे "मुदत ७ दिवस" लिहिलं आणि यादी कॅटररला मेल केली. आठव्या दिवशी त्याच्या मॅनेजरने ३१ फोटो पाठवले. सगळं चकाचक होतं. मी सगळ्या ओळी हिरव्या केल्या. नवव्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी रात्री कारखान्यात थांबले होते, म्हणून जेवायला कँटीनमध्ये गेले. हात धुवायच्या बेसिनवर साबण नव्हता. फोटोत मात्र तो होता.

तेव्हापासून मी यादी वेगळ्या तऱ्हेने काढते. नव्याने एचआर, प्रशासन किंवा सेफ्टी विभागात आलेल्यांना कँटीन हमखास गळ्यात पडतं, त्यांच्यासाठी ही पद्धत सांगते. उदाहरण म्हणून चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यातली तपासणी घेऊ. दुपारचं जेवण सहाशे माणसांचं आणि रात्रीचं दोनशेचं. भांडी, चुली आणि काउंटरवर गरम पाण्यावर अन्न गरम ठेवणारी बेन-मारी कंपनीची, तर माणसं आणि किराणा कॅटररचा. मंगळवारी दुपारी फेरी झाली आणि वहीत २३ नोंदी पडल्या.

नोंद त्याच दिवशी पक्की करा

तपासणीहून आल्यावर तासाभरात वही उघडा. दुसऱ्या दिवशी "फ्रिजमध्ये गडबड" एवढंच वाचता येतं, पण गडबड कसली होती ते आठवत नाही. प्रत्येक नोंदीत कुठे, किती वाजता, नेमकं काय आणि किती, एवढं आलं पाहिजे. "भात नीट गरम नव्हता" हे मत झालं. "दुपारी १.१०, वाढपाचा काउंटर, बेन-मारीतला भात, मधोमध ५२ अंश सेल्सिअस" ही नोंद झाली. मतावर कॅटरर वाद घालू शकतो. नोंदीवर तो फार तर तुमच्या थर्मामीटरबद्दल शंका घेईल.

ती शंका तो घेतोच, म्हणून थर्मामीटर आधी तपासून न्या. ग्लासात बर्फाचा चुरा भरा, त्यात थोडं पाणी घाला, सळई ग्लासच्या तळाला किंवा कडेला न लावता मधोमध धरा आणि आकडा स्थिर होऊ द्या. तो शून्याच्या अंशभर इकडेतिकडे आला पाहिजे. उकळत्या पाण्यातही पाहता येतं, पण पुण्याच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. तिथे १०० दिसत नाही म्हणून थर्मामीटर फेकू नका. बर्फाचा आकडा तारखेसह वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

फोटोंना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नोंदीपुढे घाला. फोटोत माणसांचे चेहरे शक्यतो येऊ देऊ नका. यादी पुढे कुणाकुणाच्या मोबाइलवर फिरते याचा नेम नसतो, आणि शेवटी बोलणी बसतात ती फोटोत दिसलेल्या हेल्परला.

ज्याला मुदत द्यायचीच नाही ते आधी वेगळं काढा

काही गोष्टी यादीत जाईपर्यंत थांबत नाहीत. त्या तिथेच, निघण्याआधी मिटवायच्या. यादीत त्यांची ओळ येते, पण "लगेच काय केलं" हा रकाना भरलेलाच असतो.

भाताचंच पाहा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, कॅटरिंगसाठीच्या तपासणी तक्त्यात वाढायचं गरम शाकाहारी अन्न ६५ अंशांवर ठेवायला सांगितलं आहे. इथे ५२ होतं. आचाऱ्याला विचारलं तेव्हा कळलं, की भात साडेबाराला काउंटरवर आला होता. म्हणजे चाळीस मिनिटं झाली होती. तेवढ्यासाठी अख्खं जेवण थांबवायची गरज नव्हती. तो भात परत आत नेऊन ७५ अंशांपर्यंत तापवला आणि त्याच पंगतीत वाढला. मी अडवलं ते वेगळंच. उरलेला भात रात्रीच्या शिफ्टला फोडणी देऊन वापरायचा रिवाज होता. तो टाकून द्यायला लावला.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, फोडणीत चांगला कडक तापतो की." हे उत्तर नव्या माणसाला पटतं, म्हणून जरा थांबून सांगते. भातात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं उलट्या करवणारं विष फोडणीच्या उष्णतेनेही नाहीसं होत नाही. म्हणून अशा ओळीपुढे "पुन्हा गरम करावा" असं लिहिलं, तर तुम्हीच चुकीचा उपाय लिहून दिला असं होतं. उरलेला भात वापरायचाच असेल, तर तो जेवण संपल्यावर उथळ ताटांत पसरून दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांवर यायला हवा. एका घरगुती फ्रिजवर चालणाऱ्या कँटीनला दहा-बारा किलो भाताचं हे जमत नाही. म्हणून आमच्या यादीत सरळ लिहिलं: उरलेला भात पुढच्या शिफ्टला वापरायचा नाही.

त्या दिवशी आणखी तीन गोष्टी जागीच झाल्या. फ्रिजमध्ये कच्च्या चिकनच्या खाली ठेवलेलं पनीर टाकलं आणि चिकन सगळ्यात खालच्या कप्प्यात गेलं. चिठ्ठी नसलेली तीन डबे वाटणं टाकली. बेसिनवर साबण आला. एफएसएसएआयच्या तक्त्यात ११४ गुण असतात, आणि काही मुद्द्यांपुढे तारा छापलेला असतो. तारा असलेल्या एखाद्या मुद्द्यात नापास झालात, तर बाकीचे गुण कितीही असले तरी कँटीन नापास ठरतं. काय जागीच मिटवायचं हे ठरवताना नव्या माणसाने ते तारे डोळ्यांसमोर ठेवावेत.

"का?" विचारा, पण बदलता येईल अशा कारणापाशी थांबा

खरा वेळ इथे द्या. साबण ठेवला म्हणजे त्या दिवसापुरतं भागलं. तो का नव्हता, याचं उत्तर यादीत नसेल तर पुढच्या तपासणीत तीच ओळ पुन्हा लिहावी लागते.

भाताच्या मागे लागलो तेव्हा एकाऐवजी तीन कारणं निघाली. बेन-मारीच्या दोन कॉइलपैकी एक तीन आठवडे बंद होती. आचाऱ्याने सुपरवायझरला सांगितलं होतं, सुपरवायझरने आमच्याच इलेक्ट्रिशियनला तोंडी सांगितलं होतं, आणि तिथे विषय संपला होता. दुसरं, बेन-मारीतलं पाणी इतकं कमी होतं, की भांड्यांचा तळ पाण्याला टेकतच नव्हता. बेन-मारी अन्न तापवत नाही, तापलेलं अन्न तसंच धरून ठेवते, हेही काउंटरवरच्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. ती बेन-मारी अन्न ठेवल्यावर चालू करायची. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट होती. तापमानाच्या रजिस्टरमध्ये रोज ६८ लिहिलेलं होतं, महिनाभर त्याच शाईत, आणि त्या दिवशीचा रात्रीचा रकानाही दुपारीच भरलेला होता. कॅटररकडे चालू थर्मामीटर एकही नव्हता.

"कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा" किंवा "प्रशिक्षणाचा अभाव" असं कारण कधीही लिहू नका. ते कुठल्याही ओळीपुढे चालतं, आणि त्याच्यापुढे "प्रशिक्षण दिले" लिहून ओळ बंद करता येते. माणसाला काम नीट करायला कुठली वस्तू, किल्ली, वेळ किंवा माहिती मिळाली नाही, तिथपर्यंत गेलं की पुरे.

साबणाचं कारण किल्ली निघालं. कॅटररच्या स्टोअरची किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर सहाला घरी जातो. वडी संपली किंवा कुणी उचलली, की रात्रीच्या शिफ्टला सकाळपर्यंत साबणच नाही. त्यामुळे काम ठरलं ते असं: भिंतीला पक्का लिक्विड सोपचा डबा बसवायचा आणि रात्रीच्या सुपरवायझरकडे एक भरलेला कॅन ठेवायचा. हाताच्या स्वच्छतेवर भाषण द्यावं लागलं नाही.

कारणं सापडली की नोंदी आपोआप जवळ येतात. चिठ्ठी नसलेले डबे, तारीख नसलेलं दही आणि चिकनखालचं पनीर या तीन नोंदींचं मूळ एकच होतं: फ्रिज कुणाच्याच नावावर नव्हता. २३ नोंदींच्या अशा १२ ओळी झाल्या. एकत्र करताना एक पथ्य पाळा. दोन कामं वेगवेगळी माणसं करणार असतील किंवा त्यांचा पुरावा वेगळा असेल, तर ओळी वेगळ्याच ठेवा. नाहीतर अर्धं काम झालेली ओळ महिनोन्‌महिने "चालू आहे" म्हणून पडून राहते.

कॅटररचं काम आणि आपलं काम

इथे नव्या माणसाला थोडी पंचाईत वाटते, कारण यादी कॅटररसाठी मागितलेली असते आणि तिच्यातल्या काही ओळी आपल्याच कंपनीवर येतात. करारपत्र शेजारी घेऊन बसा. आमच्या करारात इमारत, ड्रेनेज, पाणी, वीज आणि मोठी उपकरणं कंपनीकडे होती. त्यामुळे बेन-मारीची कॉइल, भांडी घासायच्या जागेतली फुटलेली गटाराची जाळी (झुरळं तिथूनच येत होती), खिडकीची फाटलेली जाळी आणि पाण्याचा चाचणी अहवाल या चार ओळी आमच्या झाल्या. पाणी दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं. आमचा अहवाल आठ महिने जुना होता.

त्या ओळी त्याच यादीत, आमच्या माणसांच्या हुद्द्यासह घाला. वेगळ्या कागदावर लपवल्या, तर कॅटररला आयतं निमित्त मिळतं: "झुरळं तुमच्या गटारातून येतात, मी काय करू?" आणि त्यात तथ्य असतं. "कोण" या रकान्यात विभागाचं नाव नको, माणसाचा हुद्दा हवा, कारण "मेंटेनन्स" असं लिहिलेलं काम कुणीच उचलत नाही.

मुदत कशी ठरवायची

सगळ्यांना सात दिवस देणं सोपं असतं, पण ते कुठेच बसत नाही. मी दोन प्रश्न विचारते. हे असंच राहिलं तर कुणी आजारी पडू शकतं का? आणि काम व्हायला खरोखर किती दिवस लागतात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आणि दुसऱ्याचं "बरेच" असं आलं, तर मुदत ताणून किंवा दामटून उपयोग नाही. अशा ओळीला "तोवर काय" हा रकाना लागतो, आणि माझ्या मते यादीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तोच.

आमच्याकडच्या मुदती अशा पडल्या. वागण्यातले आणि मांडणीतले बदल दुसऱ्या दिवशीच्या जेवणापासून: बेन-मारीत तळाला टेकेल इतकं गरम पाणी भरून ती अर्धा तास आधी चालू करणं, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी. बाजारातून आणायच्या वस्तूंना, म्हणजे दोन थर्मामीटर आणि साबणाच्या डब्याला, शुक्रवारपर्यंत. बाहेरच्या माणसावर अवलंबून असलेली कामं त्याची तारीख घेऊनच लिहिली.

मेडिकलची ओळ नमुन्यादाखल बघा. १४ कामगारांपैकी तिघांचं वैद्यकीय तपासणीचं प्रमाणपत्र नव्हतं. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस नियमात आहे. डॉक्टरची वेळ, रिपोर्ट आणि सही यांत आठवडा जातोच, म्हणून मुदत दहा दिवसांची. तोवर ते तिघे शिजवणं, चिरणं आणि वाढणं सोडून मालाची चढउतार आणि बाहेरची झाडलोट करतील. त्यांना घरी बसवा असं लिहू नका. मजुरी कापली जाणार म्हटल्यावर पुढच्या वेळी कुणीतरी दुसऱ्याचंच प्रमाणपत्र आणून दाखवतो.

एक गोंधळ नेहमी होतो. अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ खाली सुधारणेची नोटीस देतो, तेव्हा तिची मुदत किमान १४ दिवसांची असते. "सरकारसुद्धा चौदा दिवस देतं," असं कॅटरर ऐकवतो. तो नियम सरकारी नोटिशीचा आहे. तुमची यादी तुमच्या करारावर चालते, आणि उद्याच्या भाताला चौदा दिवस देता येत नाहीत.

एक ओळ पूर्ण भरलेली

ओळ ३ (फोटो ७, ८)
दिसलं: मंगळवार, दु. १.१०, वाढप काउंटर, भात मधोमध ५२ अंश. एक कॉइल बंद.
लगेच केलं: भात ७५ अंशांपर्यंत तापवून त्याच जेवणात वाढला. उरलेला टाकला.
कारण: कॉइल तीन आठवडे बंद. तक्रार तोंडीच, नोंद नाही.
काम: कॉइल बदलणे. यापुढे उपकरणाची तक्रार मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्येच लिहिणे, नोंद क्रमांक कँटीनच्या फळ्यावर.
कोण: कॉइल – कंपनीचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर. नोंद – कॅटररचा शिफ्ट सुपरवायझर.
कधीपर्यंत: सोमवार, संध्याकाळी ५.
तोवर: भात दोन घाण्यांत, ११.४५ आणि १२.४५ ला. एका वेळी निम्माच काउंटरवर.
बंद कधी: लागोपाठ तीन दिवस दु. १.३० ला आमच्या थर्मामीटरवर ६५ किंवा जास्त.

माझंच पथ्य इथे मोडलं आहे, हे लक्षात आलं असेल. "कोण" मध्ये दोन हुद्दे आले. नंतर आम्ही ३ आणि ३-अ अशा दोन ओळी केल्या.

पाठवण्याआधी समोर बसा

यादी कच्ची असतानाच कॅटररच्या मॅनेजरला आणि त्याच्या मुख्य आचाऱ्याला अर्ध्या तासासाठी बोलवा. मालकाने फोनवर "होऊन जाईल साहेब" म्हणणं हिशोबात धरू नका. प्रत्येक ओळ वाचून एकच विचारा: "हे या तारखेला व्हायला तुम्हाला काय लागेल?" दोन घाण्यांच्या भाताला आचारी आधी नाही म्हणाला, कारण मोठी भगोणी एकच होती. आमच्या स्टोअरमध्ये दुसरी पडून होती, ती काढून दिली. मेलवर हे कधीच कळलं नसतं, आणि ओळ पहिल्याच दिवशी मोडली असती. अंतिम यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि मराठीतली एक प्रत भटारखान्याच्या दारावर लावा. इंग्रजी प्रत फाइलला चालते. भात दोन घाण्यांत घालणारा माणूस दारावरची वाचतो, आणि आचारी हिंदी भाषिक असेल तर हिंदी प्रतही लावा.

बंद म्हणजे कुणी बंद केली?

यादीत तीनच स्थिती ठेवा: उघडी, कॅटररच्या मते झाली, तपासून बंद. शेवटचा शेरा फक्त तुम्ही किंवा कँटीन कमिटीचा सभासद देईल.

फोटोने वस्तू सिद्ध होते: जाळी बसली, डबा लागला. सवय फोटोने सिद्ध होत नाही. त्यासाठी जिथे आणि ज्या वेळी चूक दिसली होती त्याच वेळी जावं लागतं. साबणाची ओळ "रात्री ९ नंतर, न कळवता, दोन वेगवेगळ्या दिवशी" अशी लिहिली होती. रजिस्टर तपासताना आजची पानं बघत बसू नका. पुढच्या वेळेचा रकाना आधीच भरलाय का ते पाहा, आणि आकडे थोडेफार हलतात का ते पाहा. खरी तापमानं ६६, ७१, ६४ अशी येतात. एखादा ६४ आणि त्यापुढे "परत तापवला" हा शेरा दिसला, तर रजिस्टर जिवंत आहे असं समजा. त्या ६४ साठी कुणाला दंड लावलात, तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज ६८ सुरू होईल.

मुदतवाढ मागितली तर एकदा द्या, लेखी कारण घेऊन आणि "तोवर काय" पुन्हा ठरवून. तीच ओळ दुसऱ्यांदा चुकली, की करारातल्या दंडाच्या कलमाकडे जा. तपासून बंद झालेली ओळ पुढच्या तपासणीत परत दिसली, तर नवा क्रमांक देऊ नका. जुनाच क्रमांक काढून "पुनरावृत्ती" लिहा. म्हणजे कारण चुकीचं शोधलं होतं हे उघड होतं, आणि बऱ्याचदा ते आपणच चुकवलेलं असतं.

चाकणच्या त्या यादीचं पुढे असं झालं. पंधराव्या दिवशी कॅटररच्या आठही ओळी त्याच्या मते झालेल्या होत्या. त्यातल्या सात तपासून बंद केल्या. साबणाची उघडी ठेवली, कारण पहिल्या रात्री डबा भरलेला होता आणि दुसऱ्या रात्री रिकामा. कॅन होता, पण सुपरवायझर सुट्टीवर असताना तो बदली माणसाकडे दिलेला नव्हता. कॅन शिफ्टच्या हँडओव्हरच्या वहीत घातला, आणि पुढच्या आठवड्यात ती ओळ बंद झाली. कंपनीच्या चारपैकी कॉइल वेळेत झाली, खिडकीची जाळी झाली, पाण्याचा अहवाल आला. गटाराची जाळी सिव्हिलच्या खरेदीत अडकली आणि तिची मुदत दोनदा उलटली. महिनाअखेरच्या कँटीन कमिटीत मी यादीतली तीच ओळ सगळ्यात आधी वाचली, कॅटररच्या मॅनेजरसमोर आणि आमच्या सिव्हिलच्या साहेबांसमोर. जाळी त्या शनिवारी बसली.